शनिवारी रात्री साडेआठला टिकेल अशी पेयांची यादी

*आमचे विजापूर रस्त्यावर ७० खुर्च्यांचे फॅमिली रेस्टॉरंट आहे. कार्डावर २६ मॉकटेल आहेत. काउंटरवर एकच मुलगा असतो आणि कापाकापी, ग्लास धुणे याला एक मदतनीस. मालाचा खर्च विक्रीच्या ३० टक्क्यांच्या आसपासच बसतो, तरी शनिवारी पेये इतकी उशिरा जातात की जेवण येऊन गेल्यावर गिऱ्हाईक ‘आता नको’ म्हणते, आणि महिनाअखेर हाती फारसे उरत नाही. कोणती पेये ठेवावीत, कोणती काढावीत आणि दर कसे लावावेत? पेयांच्या खर्चाचा तक्ता आणि मागच्या चार शनिवारच्या चिठ्ठ्या सोबत पाठवतो आहे.*
*— एक हॉटेलचालक, सोलापूर*

तुमचा तक्ता मी दोनदा वाचला. तो चांगला आहे. खर्चात स्ट्रॉ आणि बर्फसुद्धा धरणारे हॉटेलचालक मला फारसे भेटत नाहीत. त्यात एक रकाना मात्र नाही, आणि तुमच्या बहुतेक प्रश्नांचे उत्तर त्याच रकान्यात आहे. तो रकाना म्हणजे चिठ्ठी काउंटरवर आल्यापासून ग्लास ट्रेमध्ये जाईपर्यंत लागणारे सेकंद.

तुमच्या चिठ्ठ्यांवरून दिसते की शनिवारी साडेआठ ते नऊ या अर्ध्या तासात सरासरी ३६ पेये मागवली जातात. अर्ध्या तासात सेकंद असतात १,८००. त्यांतले सगळे पेय करण्यात जात नाहीत, कारण चिठ्ठी वाचणे, काउंटर पुसणे, वेटरला उत्तर देणे, संपलेली सोड्याची बाटली बदलणे यात पाचवा हिस्सा सहज निघून जातो. उरतात १,४४०. त्यांना ३६ ने भागले की एका पेयाला ४० सेकंद मिळतात. तुमच्या यादीतली पेये सरासरी दीड मिनिट घेतात असे धरले, आणि ती बनवण्याची पद्धत पाहता हा अंदाज जास्तीचा नाही, तर नऊ वाजता ३६ पैकी १६ ग्लास गेलेले असतात आणि २० चिठ्ठ्या खिळ्याला लटकत असतात, ज्यांच्यावर नऊनंतरच्या नव्या चिठ्ठ्या चढत जातात. यात मुलगा संथ आहे असे मुळीच नाही. त्याला दिलेली यादीच त्याच्या दोन हातांत मावत नाही. दुसरा माणूस ठेवण्याआधी म्हणूनच यादी बदलून पाहावी, असे माझे मत आहे.

वेळ मोजताना एक पथ्य पाळा. सर्वांत चलाख माणसाला पेय करायला लावून मोबाइलवर वेळ घेऊ नका. रोजचा मुलगा, रोजच्या जागी, रोजच्या मापाने करतो तीच वेळ घ्या, प्रत्येक पेय चार-पाच वेळा करून मधला आकडा धरा आणि त्यात जार, गाळणी, माप धुण्याची वेळ मिळवा. ब्लेंडरवरच्या पेयांची खरी वेळ बहुधा धुण्यातच लपलेली असते.

आता तुमच्याच यादीतली चार पेये घेऊ. वेळा मी अशा काउंटरवर सामान्यतः लागतात त्या धरल्या आहेत, तुमचे आकडे आले की ते घाला. पिना कोलाडा तुम्ही २२० रुपयांना विकता, खर्च ७०, म्हणजे ग्लासमागे १५० रुपये राहतात, यादीत सर्वाधिक. पण जार धुण्यासह त्याला १७० सेकंद लागतात, म्हणजे काउंटरच्या एका मिनिटाला ते सुमारे ५३ रुपये मिळवून देते. ताजे दाणे ठेचून, गाळून केलेले डाळिंबाचे पेय १८० रुपयांचे, खर्च ४६, राहतात १३४. वेळ १३० सेकंद, मिनिटाला ६२ रुपये. लिंबू-पुदिना सोडा १२० रुपयांचा, खर्च २२, राहतात केवळ ९८. पण लिंबाचा रस आधी काढलेला असेल तर तो ४० सेकंदांत होतो आणि मिनिटाला १४७ रुपये देतो. आणि ते निळे पेय, जे मुलांना फार आवडते आणि मला अजिबात आवडत नाही, १५० रुपयांचे, खर्च ३०, वेळ ३० सेकंद: मिनिटाला २४० रुपये. खर्चाची टक्केवारी पाहिली तर चारही पेये तुमच्या मर्यादेत किंवा तिच्या जवळपासच आहेत, आणि ग्लासमागचे रुपये पाहिले तर पिना कोलाडा सर्वांत वर दिसते. गर्दीच्या वेळी मात्र तेच सर्वांत महाग पडते, कारण एक पिना कोलाडा होईपर्यंत लिंबू-पुदिन्याचे चार ग्लास गेले असते.

या हिशेबाला मर्यादा आहे, तीही ध्यानात घ्या. मिनिटामागची कमाई फक्त तेव्हाच महत्त्वाची असते जेव्हा चिठ्ठ्या तुंबलेल्या असतात. मंगळवारी दुपारी चार वाजता मुलगा रिकामाच बसलेला असतो. त्या वेळी पिना कोलाडा विकली जाणे उत्तमच, कारण तिथे ग्लासमागचे १५० रुपयेच खरे. आणि केवळ मिनिटांच्या मागे लागून सगळी यादी बाटलीतल्या सिरपवर आणली तर सगळ्या पेयांची चव एकसारखी होईल आणि लोक रस्त्यावरचा लिंबू सोडा पिऊनच आत येतील. म्हणून संथ पण चांगले पेय काढून टाकण्याआधी त्याचे काम गर्दीच्या वेळेतून सकाळच्या वेळेत हलवता येते का, हे पाहावे.

तुमचे डाळिंबाचे पेय त्यासाठी अगदी योग्य आहे. सध्या मुलगा मूठभर दाणे ग्लासात ठेचतो, त्यात डब्यातला रस आणि ग्रेनेडिन सिरप घालतो, मग गाळतो. ठेचलेल्या दाण्यांतला बराचसा रस गाळणीतच राहतो, रंग सिरपचा आणि चव डब्याची. डाळिंबाचे राष्ट्रीय संशोधन केंद्र ज्या शहराला लागून केगावला आहे आणि सांगोल्याचा भगवा जिथल्या बाजार समितीत रोज उतरतो, तिथे पेयाला लाल रंग बाटलीतून द्यावा लागणे मला पटत नाही. रसासाठी फळाचा आकार मोठा असण्याची गरज नसते, त्यामुळे निर्यातीला न जाणारा लहान माल घेतला तरी चालतो. तडकलेले फळ स्वस्त मिळते, पण ते प्रत्येक फोडून पाहावे लागते. आत काळे पडलेले दाणे थोडे जरी गेले तरी पूर्ण रसाला कुबट वास येतो.

पंचवीस ग्लासांचे माप असे धरा. ३ किलो डाळिंबातून किलोला साधारण ३७५ मिली, म्हणजे १,१२५ मिली रस निघतो. त्यात ३७५ मिली लिंबाचा रस आणि ५०० मिली साखरेचा पाक घातला की बरोबर २ लिटर मिश्रण होते, आणि प्रत्येक ग्लासाला ८० मिली येते. चवीला थोडे काळे मीठ आणि भाजलेल्या जिऱ्याची पूड. पाक म्हणजे १ किलो साखर आणि १ लिटर पाणी. त्याचा साधारण १.६ लिटर पाक होतो, हे विसरून अनेक जण पाकाचा खर्च चुकीचा मांडतात. रस हाताच्या दाबयंत्राने काढावा. मिक्सर वापरायचाच असेल तर एकदोन झटकेच द्यावेत आणि मलमलीतून गाळावे, कारण बिया फुटल्या की रस तुरट आणि कडवट होतो, आणि मग ती चव झाकण्यासाठी मुलगा साखर वाढवत राहतो. भांडे स्टीलचे किंवा काचेचे असावे.

हा माल घेताना डाळिंब १४० रुपये किलो धरले तर ४२० रुपये, लिंबे सुमारे २८, तीन रुपयांप्रमाणे ८४, पाक १४ आणि मीठ-जिरे ७: एकूण ५२५ रुपये, म्हणजे ग्लासाला २१. त्यावर १२० मिली सोड्याचे ३ रुपये, बर्फाचे २, पुदिना आणि स्ट्रॉ यांचे ४, नासाडीसाठी ३. दाणे काढायला मदतनिसाची सकाळची सुमारे पाऊण तास मजुरी लागते, तिचे ग्लासामागे दीड-दोन रुपये येतात. सगळे मिळून ३५. म्हणजे खर्च ४६ वरून ३५ वर आला, पण त्याहून मोठा फरक वेळेत आहे. रात्री मुलाला फक्त ग्लासात बर्फ घालायचा, ८० मिली मिश्रण मापून ओतायचे, सोडा घालून एकदा ढवळायचे आणि पुदिन्याची काडी टोचायची: ३० सेकंद. त्याच १८० रुपयांत आता १४५ राहतात आणि मिनिटाला ६२ ऐवजी २९० रुपये मिळतात. दाणे काढण्याची मेहनत कुठे गेलेली नाही. ती रात्री नऊच्या मिनिटांतून सकाळी अकराच्या मिनिटांत गेली आहे, जिथे मदतनीस तसाही मोकळा असतो.

यात बिघडण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. डाळिंबाचा गाळ तळाशी बसतो, त्यामुळे बाटली दर वेळी हलवली नाही तर पहिला ग्लास फिका आणि शेवटचा गडद जातो. एकाच टेबलावर दोन रंगांचे ग्लास दिसले की हे झाले असे समजावे. लिंबाचा रस दुसऱ्या दिवशी कडवट लागू लागतो, म्हणून तो संध्याकाळी पाचच्या सुमारास काढून तेव्हाच मिसळावा आणि झालेले मिश्रण त्याच रात्री संपवावे. नुसता डाळिंबाचा रस मात्र ४ अंशांच्या फ्रिजमध्ये, झाकण लावून, तारखेची चिकटपट्टी लावून दोन दिवस ठेवता येतो. झाकण उघडताना फस्स आवाज आला किंवा पृष्ठभागावर बुडबुडे दिसले तर तो आंबू लागला आहे. साखर घालून तो वाचत नाही, टाकूनच द्यावा. पुदिना मिश्रणात कधीही आधी घालू नये, काळा पडतो.

किती करून ठेवायचे, याचे उत्तर तुमच्या चार शनिवारच्या चिठ्ठ्यांतच आहे. चारपैकी सर्वांत कमी खप झालेल्या शनिवारी जेवढे ग्लास गेले तेवढ्याचेच मिश्रण करा आणि त्यापुढच्या पंधरा-वीस ग्लासांचा रस न मिसळता राखून ठेवा. लागला तर मिसळायला पाच मिनिटे पुरतात, नाही लागला तर रविवारी कामी येतो. आणि आठवड्यातून एकदा चिठ्ठ्यांवरचे ग्लास आणि संपलेल्या बाटल्या यांचा ताळा घाला. २ लिटरच्या बाटलीत २५ ऐवजी २० ग्लासच निघाले असतील तर माप न वापरता हाताने ओतले जाते आहे, आणि पाच ग्लासांमागे तुमचे १०५ रुपये गेले आहेत.

आता लिंबाकडे वळू, कारण तुमच्या २६ पैकी १७ पेयांत ते आहे आणि सोलापूरचा उन्हाळा दूर नाही. एप्रिल-मे महिन्यांत ३ रुपयांचे लिंबू १० रुपयांना गेले तर लिंबू-पुदिन्याच्या ग्लासात, जिथे ३० मिली रसासाठी सव्वादोन लिंबे लागतात, खर्च सुमारे १६ रुपयांनी वाढतो. त्याने ९८ चे ८२ होतात. हे नुकसान आहे, पण त्याने हॉटेल बुडत नाही. बुडवते ती पुढची गोष्ट: कोणाला न सांगता मुलगा रस निम्मा करतो, पेय गोडमिट्ट होते आणि ग्लास अर्धे भरलेले परत येतात. त्यापेक्षा उन्हाळ्यापुरते कार्डावर आंबटपणा दुसरीकडून आणावा. कोकणातले आगळ बाटलीत टिकते, ग्लासाला २०-२५ मिली पुरते आणि त्यात मीठ आधीच असते, एवढे ध्यानात ठेवले की झाले. आल्याच्या पाकाबरोबर त्याचा सोडा ३० सेकंदांत होतो. चिंचेचा कोळ आणि गूळ यांचेही तसेच. शिवाय मिरवायचे असेल तर काठाला शेंगाचटणीसारखे काही लावण्याच्या मोहात पडू नका, दाणेकूट पेयात गळते आणि स्ट्रॉ तुंबते. तिखट-मीठ पुरे, आणि तेही फक्त पेरूच्या पेयाला.

यादी किती ठेवावी, असे विचाराल तर माझा कल नऊकडे आहे. सहा पेये तीस सेकंदांच्या आसपासची: डाळिंब-जिरे, लिंबू-पुदिना, कोकम-आले, चिंच-गूळ, पेरू-तिखट आणि मुलांचे ते निळे. दोन मिनिटभराची, ज्यांत डोळ्यांदेखत काही ठेचले जाते, कारण ते पाहायलाही लोकांना आवडते: एक ताज्या लिंबाच्या फोडी ठेचून केलेले मोहितो आणि एक हंगामी फळाचे, उन्हाळ्यात कलिंगड-तुळस. आणि ब्लेंडरवरचे एकच, पिना कोलाडा, तेही दुसरा जार विकत घेतल्यावर, म्हणजे एक जार धुवायला गेला तरी काम थांबत नाही आणि १७० सेकंदांचे १२० होतात. बाकीच्यांपैकी ज्यांत असा एखादा सिरप लागतो जो इतर कुठल्याच पेयात नाही, ती सर्वांत आधी काढा. तुमच्या तक्त्यात असे नऊ सिरप आहेत. महिन्याला पाच ग्लास खपणाऱ्या पेयासाठी उघडलेली बाटली तोंडाशी चिकट होऊन मागच्या फळीवर पडून राहते, आणि तिच्या मागची जागा व पैसा दोन्ही अडकतात. यापुढे कुठलाही माल घेताना तो निदान दोन पेयांत लागतो का, एवढे विचारा.

ग्लासांचे चार प्रकार आहेत, ते दोन करा. मदतनिसाला धुताना कळत नाही की आधी कोणता प्रकार संपणार आहे, आणि मुलगा तयार पेय हातात धरून योग्य ग्लासाची वाट पाहत उभा राहतो; ही वेळ कुठल्याच हिशेबात दिसत नाही.

ही यादी साडेआठच्या अर्ध्या तासात बसते का, ते पाहू. ३६ पैकी ३० पेये झटपट गटातली गेली आणि त्यांना सरासरी ३२ सेकंद लागले, तर ९६० सेकंद. मिनिटभराची चार गेली, २४०. पिना कोलाडा दोन गेल्या, २४०. बेरीज १,४४०, म्हणजे काठोकाठ. एकाच टेबलाने एकाच पेयाचे तीन ग्लास मागवले की ते एकत्र केल्याने थोडी वेळ वाचते, तेवढीच मोकळीक. त्यामुळे आठ ते दहा या वेळात मदतनिसाने ग्लासात बर्फ भरून रांगेत ठेवावेत आणि पुदिन्याच्या काड्या निवडून द्याव्यात. मुलाने बर्फाच्या पेटीपासून एक पाऊलही हलू नये. पिना कोलाडाच्या दोनऐवजी पाच चिठ्ठ्या येऊ लागल्या तर हा हिशेब मोडतो. तो मोडू नये याची जबाबदारी दराने घ्यायची आहे.

दर लावताना सगळ्या पेयांच्या खर्चाला एकाच आकड्याने गुणू नका. लिंबू-पुदिना १२० वरच ठेवा. चार जणांचे कुटुंब कार्ड उघडल्यावर आधी तोच आकडा पाहते आणि बाहेरच्या लिंबू सोड्याशी मनात ताडून बघते. डाळिंब १८० ला राहू दे, आता त्यात खरे डाळिंब आहे. पिना कोलाडा २६० करा. ज्याला ती हवीच आहे तो घेईल, आणि जो नुसते ‘काहीतरी थंड’ शोधत होता तो डाळिंबाकडे वळेल, जे तुम्हालाही हवे आहे. खर्च मांडताना सिरप, डब्यातला रस, सोडा यांच्या किमती जीएसटीसकट धरा. तुमच्यासारख्या ५ टक्के आकारणाऱ्या रेस्टॉरंटला खरेदीवर भरलेल्या कराची वजावट मिळत नाही, आणि तक्त्यात तुम्ही तो वगळलेला दिसतो. त्याने डब्यातल्या रसावरची पेये तुम्हाला वाटतात तेवढी स्वस्त राहत नाहीत.

नवे कार्ड लगेच लॅमिनेट करून घेऊ नका. साध्या जाड कागदावर छापा आणि चार शनिवार वापरा. या चार शनिवारी प्रत्येक चिठ्ठीवर दोन वेळा लिहून ठेवायला सांगा, आल्याची आणि गेल्याची. उघडून पडलेल्या नऊ सिरपच्या बाटल्यांपैकी ज्यांची मुदत बाकी आहे त्या दुपारच्या ‘आजचे पेय’ म्हणून संपवा, रात्रीच्या कार्डावर मात्र त्यांना परत येऊ देऊ नका.